आठवडाभर टिकणारं नेलपेंट: कोणता बेस कोट, कोणता टॉप कोट?

नवी बाटली घेण्याआधी मागच्या वेळी टवका कुठून उडाला ते आठवा. त्या जागी नख अगदी उघडं पडलं होतं? मग बेस कोटनेच नख सोडलं. रंग जागेवर राहून वरचा पारदर्शक पापुद्रा तेवढा निघाला? मग गडबड टॉप कोटची. टवका नाहीच, नुसती टोकाला पांढरी रेघ आली, तर टोक रंगवायचं राहिलं किंवा टॉप कोटने रंग मागे ओढला. पैसे कुठे घालायचे ते यावरून ठरवा.

आधी बेस कोट, कारण निम्मं काम तोच करतो. चिकट बेस कोट सुकल्यावरही बोटाला किंचित चिकट लागतो. तो खराब निघाला असं समजून अनेक जणी टाकून देतात, पण तो चिकटपणाच रंगाला धरून ठेवतो आणि नख वाकलं की थर त्याच्याबरोबर वाकतो. हार्डनर म्हणून मिळणारा बेस कोट उलट कडक थर देतो. पातळ, सहज वाकणाऱ्या नखावर तो तडकतो. त्यातला फॉर्माल्डिहाइडचा प्रकार सतत लावला, तर नखही ठिसूळ होतं. तिसरा रिज फिलर, म्हणजे नखावरच्या उभ्या रेघा बुजवणारा. रेघा ठळक असतील तरच घ्या, उगाच थर जाड होतो. नख पातळ असो वा साधारण, पहिली पसंती चिकट बेस कोटलाच.

टॉप कोटमध्ये निवड दोनच: झटपट सुकणारा आणि साधा. झटपट सुकणारा टॉप कोट रंग थोडा ओलसर असतानाच लावायचा असतो, कारण तो खालच्या थरांत मुरून सगळं एकत्र सुकवतो. पण सुकताना तो आकसतो, आणि थर अगदी पातळ लावला किंवा टोक झाकलं नाही, तर रंग टोकापासून मागे सरकतो. साधा टॉप कोट फारसा आकसत नाही, मात्र रंग हाताला लागेनासा झाल्यावरच लावावा लागतो आणि नंतरही बराच वेळ हात सांभाळावे लागतात. घरात कामाची घाई असेल तर झटपटचाच घ्या. पुरेसा थर आणि झाकलेलं टोक, एवढं पाळलं की त्याचा दोष फारसा जाणवत नाही. तासभर निवांत बसायला मिळत असेल, तर साधाही चालेल.

समजा ठाण्यातली एखादी नोकरदार बाई रविवारी रात्री नेलपेंट लावते आणि सोमवारी सकाळी लोकल पकडते. भांडी घासून लगेच लावायला बसू नये. पाणी प्यायलेलं नख फुगतं आणि सुकताना आकसतं. वरचा थर तेवढा आकसत नाही, म्हणून सुटतो. भांड्यांनंतर तासभर थांबावं. मग नखं कानशीने गुळगुळीत करून, कापसावर रिमूव्हर घेऊन प्रत्येक नख पुसावं. खोबरेल तेल किंवा क्रीमचा अंश राहिला, तर पूर्ण पापुद्रा एकसंध निघतो.

बेस कोटचा एक पातळ थर द्यावा आणि दोन-तीन मिनिटं थांबावं. मग रंगाचे दोन पातळ थर, मध्ये पुन्हा तेवढंच थांबून. एकच जाड थर दिला तर वरून सुकतो, आत ओला राहतो आणि रात्री चादरीची छाप उमटते. कातडीला रंग लागू देऊ नये, तिथूनच कड उचलली जाते. प्रत्येक थरात ब्रश नखाच्या टोकाच्या कडेवरून आडवा फिरवावा. घाईत हेच राहून जातं, आणि पहिला टवका तिथेच उडतो. शेवटी टॉप कोट, जरा सढळ हाताने.

पावसाळ्यात ठाण्याच्या दमट हवेत थर धूसर, दुधट दिसू शकतो. द्रावक भराभर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर धरते. असं दिसलं तर पंख्याचा झोत हातावर घेऊ नका. बाटली जोरात हलवू नका, तळव्यांमध्ये फिरवा. बुडबुडे येत नाहीत. रंग घट्ट झाला असेल तर दोन-तीन थेंब नेलपेंट थिनर घाला, रिमूव्हर नको. त्यातलं अ‍ॅसिटोन पेंटचा पोत बिघडवतं.

बुधवारी टॉप कोटचा एक पातळ हात पुन्हा द्यावा, टोकासह. शुक्रवारी हवं तर आणखी एक. त्यापुढे नको, थर जाड झाला की एकसंध सुटतो. भांडी घासताना रबरी हातमोजे असले तरच आठवडा निघतो. नाहीतर चौथ्या-पाचव्या दिवशी उजव्या हाताची तर्जनी आधी जाते, मग टॉप कोट कितीही महागाचा असो.