एकच कंपनी, पाच पदं: रिझ्युमेत कशी मांडायची?

माझी भाची ऐरोलीला राहते आणि रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला, म्हणजे क्यूसीला आहे. मागच्या महिन्यात तिनं मला रिझ्युमे पाठवला. मी वागळे इस्टेटमध्ये बसून फार्मा कंपन्यांसाठी माणसं शोधतो, त्यामुळे घरातले सगळे रिझ्युमे शेवटी माझ्याच फोनवर येतात. हिचा अडीच पानांचा होता. पहिल्या नजरेत मला वाटलं, पोरीनं दहा वर्षांत पाच नोकऱ्या बदलल्या. नीट पाहिलं तर पाचही ठिकाणी नाव एकाच कंपनीचं. आणि पाचही पदांखाली थोड्याफार फरकानं तेच: औषधाच्या एचपीएलसी, जीसी, डिसोल्यूशन या तपासण्या आणि जीएलपी, म्हणजे लॅबच्या नियमावलीनुसार डॉक्युमेंटेशन.

"मामा, प्रत्येक प्रमोशन दिसायला नको का?"

दिसायला हवंच. पण पायरी दिसते ती पायऱ्यांमधल्या फरकामुळे, आणि हिनं नेमका तोच पुसला होता. तिच्यासमोर मांडणीच्या तीन वाटा होत्या. तिचाच रिझ्युमे तिन्ही साच्यांत घालून बघू.

तिचा प्रवास असा. जुलै 2016 पासून ऑफिसर, एप्रिल 2018 पासून सीनिअर ऑफिसर, एप्रिल 2020 पासून एक्झिक्युटिव्ह, ऑक्टोबर 2022 पासून सीनिअर एक्झिक्युटिव्ह आणि एप्रिल 2024 पासून असिस्टंट मॅनेजर. म्हणजे पदं पाच, बढत्या चार. त्याआधी साधारण वर्षभर ती त्याच प्लांटमध्ये, पण कॉन्ट्रॅक्टरच्या पेरोलवर ट्रेनी केमिस्ट होती. त्या वर्षाकडे शेवटी येतो.

पहिली वाट: प्रत्येक पद म्हणजे वेगळी नोंद

तिनं हीच धरली होती. दर वेळी कंपनीचं नाव, गाव, पद, तारखा आणि खाली कामं. वाचणाऱ्याचा घोटाळा इथेच होतो. आमच्याकडे एका जागेला दीडशे प्रोफाइल येतात तेव्हा डोळा ठळक अक्षरं आणि तारखा एवढंच टिपत जातो. पावणेदोन वर्षं, दोन वर्षं, अडीच वर्षं, मग दीड असे तुकडे दिसले की मनात 'उड्या मारणारी' असा शिक्का बसतो, आणि तो बसल्यावर कंपनीचं नाव सारखंच आहे का हे तपासायला कुणी थांबत नाही. जी गोष्ट तिच्या बाजूची, एकाच जागी टिकून वर चढल्याची, तीच तिच्यावर उलटते.

तरी ही वाट टाकाऊ नाही. कुणी क्यूसीमधून रेग्युलेटरी अफेअर्सला गेलं असेल तर दोन कामांचा एकमेकांशी संबंध इतका कमी की दोन नोंदीच शोभतात. कुणी कंपनी सोडून दुसरीकडे गेलं आणि दोन वर्षांनी परत आलं, तर दोन नोंदी कराव्याच लागतात. नाही तर मधला काळ दडवल्यासारखा दिसतो.

दुसरी वाट: कंपनी एकदा, पदं एकाखाली एक, कामं सगळ्यांची मिळून

वर कंपनीचं नाव आणि एकूण काळ: जुलै 2016 ते आजपर्यंत. त्याखाली पाच ओळींत पाच पदं आणि तारखा, सगळ्यात नवीन वर. मग कामांचा एकच गठ्ठा. रिझ्युमे एका पानात बसतो, टिकून राहणं दिसतं, चढण दिसते.

भाचीला ही फार आवडली. मला नाही, आणि कारण तिच्या खात्याचंच आहे. क्यूसीमध्ये सॅम्पल चालवणारा आणि त्या निकालाचा रिव्ह्यू करणारा एकच माणूस असून चालत नाही. ॲनालिस्ट मशीनला सॅम्पलचं इंजेक्शन देतो, आलेखातलं पीक इंटिग्रेट करतो, आकडा काढतो. रिव्ह्यूअर त्याचा क्रोमॅटोग्राम, म्हणजे तो आलेख, आणि ऑडिट ट्रेल, म्हणजे कुणी कधी काय केलं याची नोंद, उघडून बघतो की इंटिग्रेशन हातानं बदललंय का, एखादं इंजेक्शन कारण न नोंदवता पुन्हा दिलंय का. ऑफिसरचं एक्झिक्युटिव्ह होताना भाचीनं हीच रेघ ओलांडली. इंटरव्ह्यू घेणारा क्यूसी हेड पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, "रिव्ह्यूअर म्हणून किती वर्षं?" सगळी कामं एका गठ्ठ्यात टाकली की या प्रश्नाचं उत्तर कागदावर सापडत नाही. ऑडिट ट्रेल रिव्ह्यू असा एक बुलेट दिसतो, पण तो 2017 चा की 2021 चा ते कळत नाही.

ज्याचं पद बदललं पण टेबल बदललं नाही, त्याला मात्र दुसरी वाट उत्तम. ऑफिसरचं सीनिअर ऑफिसर होणं बहुतेक प्लांटमध्ये तसंच असतं. ग्रेड वाढते, पगार वाढतो, एचपीएलसीसमोरचं स्टूल तेच राहतं.

तिसरी वाट: कंपनी एकदा, पण प्रत्येक पदाखाली त्याची कामं

तारखाही स्वच्छ, जबाबदारीही स्वच्छ. पुस्तकी सल्ला बहुधा हाच मिळतो. अडचण अशी की पाच पदांना पाच गठ्ठे लिहायला बसलं की माणूस दुसऱ्या-तिसऱ्या गठ्ठ्यात पुन्हा एचपीएलसी आणि डिसोल्यूशनवर येतो, कारण खरंच तेच केलेलं असतं. कंपनीचं नाव एकदाच आलं म्हणून पुनरुक्ती गेली असं होत नाही. ती बुलेटमध्ये शिरते.

मग आम्ही रविवारी ठाण्याला माझ्या घरी बसलो आणि मी तिला कागदावर पदं लिहायलाच दिली नाहीत. विचारलं, "सकाळी गेल्यावर पहिलं काय उघडायचीस? आणि ते कधी बदललं?" उत्तर तीन टप्प्यांत आलं. 2020 पर्यंत इन्स्ट्रुमेंट. नंतर दुसऱ्यांचा डेटा. ऑक्टोबर 2022 पासून स्टेबिलिटीचं, म्हणजे औषध किती काळ टिकतं या चाचण्यांचं शेड्यूल आणि माणसांचा रोस्टर. पदं पाच, पण काम दोनदाच बदललेलं. म्हणून दुसरी आणि तिसरी वाट मिसळायची: जिथे काम तेच राहिलं तिथे दोन पदं एका गठ्ठ्यावर, जिथे बदललं तिथे नवा गठ्ठा. रिझ्युमे अर्थात इंग्रजीत आहे. सांगाडा असा झाला:

कंपनीचं नाव, रबाळे, नवी मुंबई (जुलै 2016 ते आजपर्यंत)

असिस्टंट मॅनेजर, क्यूसी (एप्रिल 2024 ते आजपर्यंत)
सीनिअर एक्झिक्युटिव्ह, क्यूसी (ऑक्टोबर 2022 ते मार्च 2024)
– स्टेबिलिटी सेक्शनची जबाबदारी; सुरुवातीला 6, आता 14 ॲनालिस्ट
– चेंबरमधून सॅम्पल ठरल्या तारखेला काढणं आणि वेळेत तपासून होणं याचं नियोजन

एक्झिक्युटिव्ह, क्यूसी (एप्रिल 2020 ते सप्टेंबर 2022)
– क्रोमॅटोग्राफी डेटा आणि ऑडिट ट्रेलचा रिव्ह्यू
– ओओएस, म्हणजे मर्यादेबाहेरचा निकाल आल्यावर पहिल्या टप्प्याची लॅब चौकशी

सीनिअर ऑफिसर, क्यूसी (एप्रिल 2018 ते मार्च 2020)
ऑफिसर, क्यूसी (जुलै 2016 ते मार्च 2018)
– फिनिश्ड प्रॉडक्टची तपासणी: एचपीएलसी, जीसी, डिसोल्यूशन

एचपीएलसी आता एकदाच येतं, सगळ्यात खाली, जिथे ते रोजचं काम होतं. "पण मला एचपीएलसी येतं हे वर नको दिसायला?" तिनं विचारलं. ते कौशल्यांच्या ओळीत आहेच. आणि 14 ॲनालिस्टवर नेमलेल्या बाईला एचपीएलसी येत असेल, एवढं वाचणाऱ्यालाही कळतं.

एक धोका सांगायला हवा. पदं जोडताना तारखा जोडायच्या नाहीत. कुणी एकाच पदावर सहा वर्षं अडकलं असेल तर ते झाकायला दोन पदांची मिळून एकच तारीख लिहायचा मोह होतो. इंटरव्ह्यूत ते उघडं पडतं आणि मग बाकीच्या खऱ्या ओळींवरही शंका येते. तारीख लिहायची ती पत्रात 'लागू' म्हणून दिलेली. बढतीचं पत्र जूनमध्ये हातात आलं तरी ते एप्रिलपासून लागू असेल, तर एप्रिल.

पोर्टलवर मात्र उलटं

रिझ्युमेसाठी नाकारलेली पहिली वाट ऑनलाइन अर्जात कामी येते. तिथल्या फॉर्ममध्ये एका नोंदीला एकच पद असतं. कंपनीखाली पाच पदं रचलेली पीडीएफ चढवली की सिस्टिम पुष्कळदा सगळ्यात वरचं पद कंपनीला जोडते आणि खालच्यांची कंपनी रिकामी सोडते, किंवा सगळ्या नऊ-दहा वर्षांना असिस्टंट मॅनेजर म्हणते. म्हणून आपोआप भरलेले रकाने हातानं तपासायचे, प्रत्येक पदाची वेगळी नोंद करायची आणि कंपनीचं नाव दर वेळी अक्षरशः सारखं लिहायचं. एकदा 'प्रा. लि.' आणि एकदा 'प्रायव्हेट लिमिटेड' लिहिलं तर त्या दोन वेगळ्या कंपन्या धरल्या जाऊ शकतात.

आधी घरी एक चाचणी होते. पीडीएफमधलं सगळं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट करायचं. भाचीनं तारखा उजवीकडे एका टेबलमध्ये ठेवल्या होत्या. पेस्ट केल्यावर पाचही पदं एकत्र आली आणि सगळ्या तारखा त्यांच्या खाली ढिगानं पडल्या. कुठली तारीख कुठल्या पदाची, हे माणसालाही लागेना. टेबल काढलं, पद आणि तारीख एकाच ओळीत आणली, आणि पेस्ट सरळ झाली.

कॉन्ट्रॅक्टरचं वर्ष

हे ती कंपनीच्याच नावाखाली, अगदी तळाशी ट्रेनी म्हणून घालायला निघाली होती. प्लांट तोच, लॅब तीच, बॉससुद्धा तोच, मग वेगळं कशाला? कारण पगार आणि पीएफ कॉन्ट्रॅक्टरकडून होता. नवी कंपनी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करते तेव्हा अनुभवपत्रासोबत बऱ्याचदा ईपीएफओची सर्व्हिस हिस्टरी मागते, आणि तिथे प्रत्येक मालकाची नोंद स्वतंत्र असते, रुजू झाल्याच्या आणि सोडल्याच्या तारखेसह. रिझ्युमेत कंपनीत 2015 पासून आणि पीएफमध्ये 2016 पासून असं निघालं की खुलासे देत बसावं लागतं, तेही ऑफर हातात असताना. म्हणून ती एक नोंद वेगळी: कॉन्ट्रॅक्टरचं नाव, आणि पुढे 'याच कंपनीच्या रबाळे प्लांटमध्ये नियुक्त'. बुलेट नाही. वाचणाऱ्याला धागाही कळतो आणि कागदही जुळतात.

तिनं तिथेच फोनवर सर्व्हिस हिस्टरी उघडली. कॉन्ट्रॅक्टरकडून बाहेर पडल्याची तारीख 31 मे 2016 निघाली. कंपनीचं पत्र 1 जुलैचं. मधला जून ती विसरूनच गेली होती. "अगं, त्या महिन्यात आपण आजीला घेऊन गावी होतो," माझी बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली. रिझ्युमेतलं 'जून 2016' खोडून आम्ही 'मे 2016' केलं.