47 हजार सोडले म्हणाला, आणि 52 हजारांना बुडवलं: ट्रॅक्टरचं कर्ज एकरकमी भरणाऱ्यांनी आधी हे वाचा

औसा तालुक्यातला शेतकरी आहे मी. अडाणी नाही, बारावी झालोय, सोसायटीचे हिशेब पाहिलेत. म्हणूनच जास्त जळतंय.

ट्रॅक्टरचं कर्ज खाजगी फायनान्सचं, सहामाही हप्ता 72,000, एकूण दहा हप्ते, व्याज वर्षाला 16 टक्के. दुष्काळ असो, अतिवृष्टी असो, चार हप्ते वेळेवर भरले. चौथा नोव्हेंबरात सोयाबीन विकून भरला आणि चौथ्याच दिवशी वसुलीचा माणूस दारात. खताच्या पावतीमागं त्यानं लिहिलं: 6 × 72,000 = 4,32,000. खाली 3,85,000. म्हणाला, "मामा, 47 हजार सरळ सोडतो, सेटलमेंट करून टाका. ऑफर महिनाअखेरपर्यंतच हाय."

मी त्याच क्षणी सावध व्हायला पाहिजे होतं. त्यानं नुसता गुणाकार केला होता. त्या सहा हप्त्यांमध्ये पुढच्या तीन वर्षांचं व्याज बसलेलं होतं, आणि मी पैसे आज देत होतो. जे व्याज अजून लागलंच नाही, ते माझ्याकडून घेऊन त्यातलं थोडं मला परत देत होता, त्याला तो सूट म्हणत होता! कर्जाच्या फायलीत हप्त्यांचा तक्ता होता. त्यात चौथ्या हप्त्यासमोर शिल्लक मुद्दल छापलेलं होतं, 3,32,847. फाईल कपाटात, कपाट पाच पावलांवर. मी उठलो नाही. पण सांगा, दारात माणूस बसलेला, बायको म्हणतेय डोक्यावरचं ओझं उतरू द्या, अशा वेळी कोण तक्ते काढून बसतं? तूर येण्याआधी उरलंसुरलं सोयाबीन पडत्या भावात घातलं, पाटल्या बँकेत ठेवल्या, आणि 3,85,000 भरले.

दिवाळीनंतर पुतणी आली, बी.कॉम.ला आहे. तिनं वहीवर मांडून दाखवलं. सहामाही व्याज 8 टक्के, म्हणून सहा महिन्यांनी द्यायच्या 72,000 ची आजची किंमत 72,000 भागिले 1.08, म्हणजे 66,667. त्यापुढचा हप्ता वर्षानं, तो दोनदा भागायचा: 61,728. असं करत सहावा हप्ता सहा वेळा भागला की उरतात फक्त 45,372. सहाही मिळून 3,32,847. फायलीतला आकडा हुबेहूब! मोबाईलच्या शीटमध्ये एका ओळीत येतं:

```
=PV(8%,6,-72000)
```

मासिक हप्ता असेल तर वार्षिक दर बारानं भागा. आणि दर 'फ्लॅट', म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच मोजलेला, सांगितला असेल तर तो इथं घालू नका, आकडा फुगतो. घटत्या शिलकीवरचा दर लेखी मागा.

म्हणजे मी 52,153 रुपये जास्त दिले. स्थिर व्याजाच्या कर्जावर मुदतीआधी बंद करायचं शुल्क लागू शकतं, हे मान्य. करारात 4 टक्के होतं, वर जीएसटी, मिळून 15,711. तेही धरलं तरी 36,442 जास्तच गेले.

शाखेत गेलो तर साहेब म्हणाले, "तुमची तर 47 हजारांची बचत झाली, सही तुमचीच आहे." बचत? हेच 3,85,000 मी 7 टक्क्यांच्या ठेवीत टाकले असते तर त्यातून सहाही हप्ते फिटून वर थोडे उरले असते (कर सोडून). माझ्यासमोर पुतणीनं त्यांना तो हिशेब मांडला, तर म्हणाले सिस्टीममध्ये असं दिसत नाही. विभागीय कार्यालयाचा फोन तीन दिवस कुणी उचलला नाही. पोलीस ठाण्यात म्हणाले दिवाणी मामला आहे, अर्जसुद्धा घेतला नाही. एका साहेबांनी तर विचारलं, पैसे भरायची घाई कुणी केली होती? म्हणजे वेळेवर फेडणारा गुन्हेगार!

त्याहून वाईट पुढं. हप्ता कधी चुकला नाही, तरी सिबिलमध्ये 'सेटल्ड' लागलं. हा शेरा पूर्ण रक्कम न फेडणाऱ्याचा असतो. थकीत कर्जात तडजोड वेगळी, तिथं मुद्दलातही सूट मिळू शकते. हप्ते नियमित असतील तर 'सेटलमेंट' शब्दावर सहीच करू नका. 'फोरक्लोजर', म्हणजे मुदतीआधी कर्ज बंद करायचं पत्र मागा, त्यात मुद्दल, आजपर्यंतचं व्याज आणि शुल्क वेगवेगळं लिहिलेलं पाहिजे. तोंडी ऑफर आणि पावतीमागचे आकडे घेऊच नका.

तोंडी चकरांत माझे दोन महिने गेले. आता कंपनीला लेखी तक्रार दिली आहे, पोच घेतली आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. आज एकोणिसावा दिवस आहे. पाटल्या अजून बँकेतच आहेत.