सारांश तपासणी: सारांशाकडून लेखाकडे की लेखाकडून सारांशाकडे?

शोधनिबंधाचा सारांश मूळ लेखाशी जुळतो का, हे दोन पद्धतींनी तपासता येते. पहिल्या पद्धतीत सारांशातला प्रत्येक आकडा अधोरेखित करून तो मूळ तक्त्यात शोधायचा. टंकनाच्या चुका, टक्केवारीतले चुकलेले छेद आणि पुनर्लेखनात तक्ता बदलूनही सारांशात तसेच राहिलेले जुने आकडे यात हमखास सापडतात. पण सारांशात जे लिहिलेलेच नाही, ते या वाटेने कधीच दिसत नाही.

समजा, औषधाच्या चाचणीत 120 जण होते. ‘पद्धती’ विभागात मुख्य निष्पत्ती, म्हणजे चाचणीत मोजायची प्रमुख गोष्ट, 12 आठवड्यांनंतरची वेदना अशी ठरली होती आणि तिथे फरक आढळला नाही. सारांशात मात्र 6 आठवड्यांचा अनुकूल निकाल आहे. तो आकडा तक्त्याशी तंतोतंत जुळतो, म्हणून पहिली पद्धत त्याला बिनचूक ठरवते.

दुसऱ्या पद्धतीत सारांश बाजूला ठेवून ‘पद्धती’तून मुख्य निष्पत्ती टिपायची, ‘निकालां’तून सहभागींची संख्या, गळती आणि दुष्परिणाम, आणि मगच सारांश उघडायचा. इथे 12 आठवड्यांची उणीव लगेच उघडी पडते. 16 जण मध्येच गळाले आणि विश्लेषण 104 जणांचेच झाले, हेही. मात्र दशांश चिन्हाची चूक हिच्यातून सहज निसटते.

दोन्ही कराव्यात, पण दुसरी आधी: सारांश आधी वाचला की नजर त्याचीच चौकट धरते.