पहिल्या पानावर काय ठेवावं : सर्वाधिक पाहिलेलं, हॅशटॅग की ट्रेंडिंग?

पाककृतींच्या व्हिडिओंची छोटी साइट चालवताना मी तिन्ही याद्या लावून पाहिल्या.

सर्वाधिक पाहिलेल्यांची यादी करायला सगळ्यात सोपी, फक्त बेरीज. पण तिनेच मला वैताग आणला. गणपतीत गाजलेला उकडीच्या मोदकांचा व्हिडिओ ऐन संक्रांतीलाही पहिल्या नंबरवर. वर आहे म्हणून लोक बघतात आणि बघतात म्हणून तो वरच राहतो. नवा तिळगूळ कितीही चांगला असला तरी खालीच.

हॅशटॅगचं पान म्हणजे ती खूण लावलेल्या सगळ्या पोस्ट, बहुधा नवी आधी. खूण लावतो पोस्ट टाकणारा, त्यामुळे #तिळगूळ उघडलं की मध्येच साड्यांचा सेलही दिसतो. ताजं काय आलंय ते कळतं, लोकांना काय हवंय ते कळेलच असं नाही.

ट्रेंडिंगमध्ये प्रश्नच वेगळा असतो : नेहमीपेक्षा आज किती जास्त? डिसेंबर 2010 मध्ये विकिलीक्स ट्रेंडमध्ये का नाही, अशी ओरड झाली तेव्हा ट्विटरनं साधारण हेच सांगितलं होतं. नुसती लोकप्रियता नव्हे, तर चर्चेत अचानक झालेली वाढ मोजतो, असं त्यांचं म्हणणं.

समजा, मोदक रोज 50 जण बघतात, आज 60 जणांनी पाहिला. तिळगुळाचे रोजचे 10, आज 120. पहिल्याचं गुणोत्तर 1.2, दुसऱ्याचं 12. एकूण आकड्यात मोदक हजारोंनी पुढे असला तरी वर तिळगूळच जातो. मात्र नुसत्या भागाकारात एक गोची आहे. रोज एकच प्रेक्षक असलेला व्हिडिओ घरच्या आठ जणांनी उघडला की गुणोत्तर थेट 8! म्हणून मी दोन्हीकडे 20 मिळवतो :

```
(आजचे + 20) / (रोजचे + 20)
```

आता तिळगूळ साधारण 4.7, घरचा व्हिडिओ 1.3, मोदक 1.1. हा 20 अंदाजानंच ठरवलाय, तुमच्याकडे वर्दळ जास्त असेल तर वाढवावा लागेल.

याचीही खोड आहेच. ‘रोजचे’ म्हणजे मी मागच्या सात दिवसांची सरासरी धरतो. तिळगूळ आठवडाभर 120 वर टिकला की ते 120 च ‘रोजचे’ होऊन बसतात, आणि लोक तेवढेच बघत असूनही तो यादीतून उतरतो. हळूहळू वाढणारा व्हिडिओ तर कधी वर येतच नाही.

वर्षभर तेच ते शोधलं जात असेल, म्हणजे वरण-भात, पोळ्या असलं, तर एकूण आकड्यांची यादी कदाचित बरी पडेल. माझ्याकडे सणावारांचं फार, म्हणून मी ट्रेंडिंग वर घेतलं आणि मोदकाला खालच्या कोपऱ्यात बसवलं. भाद्रपदात तो आपला आपण वर येतो.