डिलिव्हरी लांबल्याचा मेसेज: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

ऑनलाइन विक्रीच्या कामात ग्राहकांना पत्रं-मेसेज लिहिण्याचं खातं माझ्याकडे आहे. माल वेळेत पोचणार नसेल तर पाठवायचा एक मसुदा आम्ही गेले काही महिने वापरतोय. त्यात तीन गोष्टी असतात: उशीर का होतोय, नवी तारीख कोणती, आणि थांबायचं नसेल तर पैसे किती आणि कसे परत मिळतील. आधी आमच्याकडे ‘काही अपरिहार्य कारणांमुळे आपल्या ऑर्डरला विलंब होत आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ असलं छापील वाक्य जायचं. ते वाचून प्रत्येक माणूस फोन उचलायचा, कारण त्याला हवं ते एकही उत्तर त्यात नव्हतं. नवा मसुदा त्यापेक्षा खूप बरा आहे. पण त्याच्याही काही जागा वापरताना टोचल्या, त्याबद्दल सविस्तर लिहितो.

उदाहरण एकच घेतो. एका ऑर्डरमध्ये टेबल आणि खुर्ची आहे आणि दोन्ही शुक्रवार १० तारखेला पोचायचं ठरलंय. टेबल गोदामात तयार आहे, खुर्च्यांचा लॉट पुरवठादाराकडे अडकलाय. आमचा आत्ताचा मेसेज असा जातो:

“नमस्कार. तुमच्या ऑर्डरमधली खुर्ची १० तारखेला पोचणार नाही. खुर्च्यांचा लॉट पुरवठादाराकडून आम्हाला उशिरा मिळतो आहे. खुर्ची आता सोमवार २७ तारखेपर्यंत पोचेल. टेबल तयार आहे आणि ते ठरल्याप्रमाणे १० तारखेलाच येईल. उशीर आमच्याकडून झाला आहे, त्याबद्दल माफ करा.

खुर्चीसाठी थांबणार असाल तर काहीही करावं लागणार नाही. डिलिव्हरी चार्जचे ५० आम्ही परत करत आहोत. खुर्ची नको असेल तर तिचे २७० परत मिळतील. सगळी ऑर्डरच नको असेल तर पूर्ण ९५० परत मिळतील. पूर्ण ऑर्डर रद्द करायची असल्यास बुधवार ८ तारखेच्या दुपारपर्यंत कळवा, म्हणजे टेबल निघणार नाही. फक्त खुर्ची रद्द करायला गुरुवार १६ तारखेपर्यंत वेळ आहे.”

मजकूर एवढाच. तो मंगळवारी ७ तारखेला सकाळी जातो. ठरलेली तारीख उलटून गेल्यावर हाच मजकूर शब्द न बदलता पाठवला तर ग्राहकाला ती सारवासारव वाटते.

नव्या तारखेबद्दल आधी सांगतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो. गोदामातली माणसं ‘तारीख’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात माल निघण्याचा दिवस असतो. ग्राहक तीच तारीख दाराशी पार्सल येण्याचा दिवस म्हणून वाचतो. म्हणून मेसेजमध्ये ‘डिस्पॅच’ हा शब्दच ठेवलेला नाही, फक्त ‘पोचेल’. वरची २७ तारीख कशी आली? पुरवठादार म्हणतो, शुक्रवारी १७ तारखेला लॉट गोदामात येईल. शनिवार-रविवार सुट्टी. सोमवारी २० तारखेला खोलून तपासणी आणि पॅकिंग. कुरिअरला तीन दिवस, म्हणजे गुरुवार २३. त्यावर कामाचे दोन दिवस राखीव धरले की सोमवार २७ येतो. विक्री विभागाला हे राखीव दिवस कायम खुपतात. ‘२३ लिहा की, ग्राहक खूश होईल’ हा आग्रह दर वेळी होतो. खुर्ची २३ला आली तर कुणी तक्रार करत नाही. २३ लिहून ती २४ला आली तर दुसरा माफीचा मेसेज लिहावा लागतो, आणि त्या दुसऱ्या मेसेजवर कुणाचाही विश्वास बसत नाही.

वारही लिहावा. नुसती ‘२७ तारीख’ वाचून पुढे जाणारा माणूस ‘सोमवार २७’ वाचला की त्या दिवशी घरी कोण असेल याचा विचार करतो. ‘७ ते १० कामाचे दिवस’ असं मात्र कधीच लिहू नये. ते दिवस कुठून मोजायचे हे आमच्यातल्या दोघांनासुद्धा एकसारखं सांगता येत नाही.

आता पैशांकडे येऊ. या नव्या मसुद्याच्या पहिल्या रूपात ‘अंशतः रिफंडचा पर्याय उपलब्ध आहे’ एवढंच वाक्य होतं. त्यावर हमखास प्रश्न यायचा, ‘अंशतः म्हणजे किती?’ रकमेचा आकडा मेसेजमध्येच घातल्यापासून हा प्रश्न जवळजवळ बंद झाला. पण आकडा काढणं दिसतं तितकं सरळ नाही. आपल्या उदाहरणात टेबल ७०० आणि खुर्ची ३००, चलन कुठलंही धरा. ग्राहकाने दहा टक्क्यांचं कूपन लावून ९०० भरले, वर डिलिव्हरीचे ५०. खुर्ची रद्द झाली तर परत किती द्यायचे? ३०० नाहीत, कारण तेवढे त्याने खुर्चीसाठी भरलेलेच नाहीत. कूपनची सूट दोन्ही वस्तूंवर किमतीच्या प्रमाणात वाटायची, म्हणजे खुर्चीचे २७०.

खरी मेख पुढे आहे. ते कूपन ‘किमान ८०० च्या खरेदीवर’ असेल तर काही बिलिंग सॉफ्टवेअर खुर्ची काढल्याबरोबर उरलेली ऑर्डर नव्याने मोजतात. ७०० वर कूपन लागू होत नाही, म्हणून टेबलची पूर्ण किंमत ७०० धरली जाते आणि रिफंड निघतो फक्त २००. हिशोब नियमाला धरून आहे, पण उशीर विक्रेत्याचा आणि भुर्दंड ग्राहकाला. मेसेजमध्ये २७० लिहिलेले आणि खात्यात २०० आलेले, हे झालं की पुढच्या दहा ओळींच्या खुलाशाचा काही उपयोग नसतो. मोफत डिलिव्हरीच्या मर्यादेचंही तसंच: खुर्ची वगळल्याने ऑर्डर मर्यादेखाली गेली म्हणून डिलिव्हरीचे पैसे मागून कापले जाऊ नयेत. असा मसुदा वापरायला घेणाऱ्याने पहिल्यांदा आपल्या सिस्टिममध्ये एक खोटी ऑर्डर टाकून ती अर्धी रद्द करून पाहावी. मजकुराची भाषा नंतर सुधारता येते.

रिफंड कधी मिळेल, याचे दोन भाग करून सांगावे लागतात. आम्ही तो सोडतो तो दिवस आणि तो खात्यात दिसतो तो दिवस. पहिला आमच्या हातात आहे, दुसरा बँकेच्या. म्हणून ग्राहकाने पर्याय कळवला की जाणाऱ्या पोचपावतीत लिहितो, ‘रक्कम उद्या आमच्याकडून निघेल, ज्या कार्डावरून किंवा खात्यातून भरली तिथेच जमा होईल, बँकेकडे ती दिसायला त्यानंतर काही दिवस लागू शकतात.’ कार्डाचा रिफंड असेल तर त्याचा एआरएन क्रमांकही देतो. ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणणाऱ्या ग्राहकाला तो क्रमांक घेऊन आपल्या बँकेकडे विचारता येतं, आणि बँकेला त्यावरून व्यवहार शोधता येतो. हा क्रमांक मागितल्याशिवाय पाठवायला लागल्यापासून आमची बरीच भांडणं वाचली.

माल हाती आल्यावर पैसे देणाऱ्यांसाठी मात्र हा मसुदा जसाच्या तसा चालत नाही. त्यांनी अजून काहीच भरलेलं नसतं, त्यामुळे ‘२७० परत मिळतील’ हे वाक्य त्यांना चक्रावून टाकतं. त्यांना सांगायचं असतं की टेबल येईल तेव्हा किती द्यायचे. आणि नुसतं सांगून भागत नाही, पार्सलवरच्या लेबलवर वसुलीची रक्कमही बदलावी लागते. नाहीतर कुरिअरचा माणूस दारात उभा राहून पूर्ण ९५० मागतो. त्याचं काही चुकलेलं नसतं, त्याच्या हातातल्या यंत्रात तोच आकडा असतो. या ग्राहकांसाठी आम्ही वेगळा मसुदा केला आहे.

नव्या मसुद्याच्या पहिल्या रूपात टेबल आधी पाठवण्याची सोयही नव्हती. एकतर दोन्हीसाठी थांबा, नाहीतर काहीतरी रद्द करा. ग्राहकांची उत्तरं वाचली तर बहुतेकांना तिसरंच हवं असायचं, ‘जे तयार आहे ते पाठवा, बाकीचं नंतर.’ दोनदा कुरिअर करण्याचा खर्च आमच्यावर पडतो हे खरं, पण रद्द होणाऱ्या ऑर्डरपेक्षा तो परवडतो. दोन वस्तू एकमेकींशिवाय निरुपयोगी असतील, म्हणजे यंत्र आणि त्याचाच चार्जर, तर अर्थातच असं करू नये.

उत्तरच न देणाऱ्यांचं काय, हा प्रश्न मसुद्याने सोडवायलाच हवा, कारण बरेच लोक वाचतात आणि काहीच कळवत नाहीत. आमच्याकडे मौन म्हणजे थांबायला तयार, आणि मेसेजमध्ये ‘काहीही करावं लागणार नाही’ या शब्दांत ते आधीच सांगितलेलं असतं. पण याला मर्यादा आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा १९७५ सालापासूनचा नियम मला इथे शहाणपणाचा वाटतो. माल पाठवण्याची नवी तारीख मूळ तारखेपासून ३० दिवसांच्या आत असेल तर पहिल्या उशिराला ग्राहकाचं मौन संमती धरता येतं. त्याहून लांब असेल, किंवा तारीखच सांगता येत नसेल, तर स्पष्ट होकार लागतो. तो आला नाही तर ऑर्डर रद्द करून पैसे परत करावे लागतात. तो कायदा लागू नसला तरी तेवढी रेघ आपल्याच मसुद्यात ओढून ठेवायला हरकत नाही. १० वरून २७ म्हणजे १७ दिवस, म्हणून वरचा मेसेज चालतो.

एसएमएसवर हा मजकूर पाठवायचा विचार सोडून द्या. देवनागरीत एका एसएमएसमध्ये फक्त ७० अक्षरचिन्हं बसतात, आणि मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही सगळी वेगळी मोजली जातात. त्यापेक्षा मोठा मजकूर तुकड्यांत जातो आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे पडतात. आम्ही एसएमएसने फक्त ‘खुर्ची सोमवार २७ पर्यंत पोचेल. पर्याय ईमेलवर पाहा’ एवढंच पाठवतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पूर्ण मजकूर बसतो, पण टेम्प्लेट आधी मंजूर करून घ्यावं लागतं. शेवटी ‘पुढच्या खरेदीवर सूट’ असं एक वाक्य जोडलं की तेच टेम्प्लेट सूचनेच्या गटातून जाहिरातीच्या गटात ढकललं जाऊ शकतं. तसंही उशीर सांगताना सूट विकणं ग्राहकाला आवडत नाही. त्याला त्याचे ५० परत हवे असतात, पुढच्या वेळचं आमिष नको असतं.

जिथे हा मसुदा पूर्ण निकामी ठरतो ती जागा म्हणजे दुसऱ्यांदा झालेला उशीर. २७ तारीखही हुकणार असं दिसलं की आम्ही हा मजकूर बाजूला ठेवतो. तेव्हा फोन करतो, आणि फोन लागला नाही तर उलट्या नियमाचा छोटा मेसेज जातो: ‘खुर्ची २७ तारखेलाही येणार नाही. अजून थांबायचं असेल तर शुक्रवारपर्यंत हो म्हणून कळवा. उत्तर आलं नाही तर खुर्ची रद्द करून तुमचे २७० सोमवारी परत पाठवू.’