भांड्यांच्या दुकानाचा दिवाळी अंदाज: फिरती सरासरी आठ महिने वापरल्यानंतर

आमचं कऱ्हाडला स्टील आणि पितळी भांड्यांचं दुकान आहे. दिवाळीचा माल ऑगस्टमध्येच सांगावा लागतो. आजवर ते अप्पांच्या अंदाजावर चालायचं. गेल्या जुलैत, म्हणजे २०२५ मध्ये, मी जानेवारी २०२२ पासूनची महिनावार विक्री स्प्रेडशीटमध्ये घातली आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीचा अंदाज हिशेबाने काढायचा ठरवला. आता मार्च उजाडलाय, तिमाहीचे खरे आकडे हातात आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

पद्धत जुनी आणि सोपी आहे. विक्रीत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: धंदा हळूहळू वाढतोय की घटतोय तो कल, आणि दरवर्षी ठरावीक महिन्यांत येणारा चढउतार. बारा महिन्यांची सरासरी घेतली की त्यात प्रत्येक महिना एकदा येतो, चढउतार विरघळतो आणि कल उरतो. बारा ही सम संख्या असल्याने सरासरीचा मध्य दोन महिन्यांच्या फटीत पडतो, म्हणून शेजारच्या दोन सरासऱ्यांची पुन्हा सरासरी घ्यायची. C मध्ये विक्री आणि दुसऱ्या ओळीत जानेवारी असेल, तर जुलैच्या ओळीत हे येतं:

```
D8: =(AVERAGE(C2:C13)+AVERAGE(C3:C14))/2
E8: =C8/D8
```

E मधला आकडा म्हणजे त्या महिन्याचा हंगामी निर्देशांक. १ आला तर महिना सरासरीइतका, २ आला तर दुप्पट. प्रत्येक महिन्याच्या दोन-तीन वर्षांच्या निर्देशांकांची सरासरी घ्यायची, बारा महिन्यांची बेरीज १२ येईल अशी जुळवायची, कल पुढे ओढायचा आणि गुणायचं. झाला अंदाज.

माझा कल नीट दिसत होता. ऑक्टोबरच्या आसपास २०२२ मध्ये महिन्याला ८ लाख, २०२३ मध्ये ८.६, २०२४ मध्ये ९.२. वर्षाला साठ हजारांची सरळ वाढ, म्हणून २०२५ साठी ९.८ धरले. ऑक्टोबरचा निर्देशांक सरासरीने १.८८ आला, नोव्हेंबरचा १.१३. म्हणजे ऑक्टोबर साडेअठरा लाख, नोव्हेंबर अकरा. कागद अप्पांपुढे ठेवला. त्यांनी भिंतीवरच्या पंचांगाकडे पाहिलं आणि म्हणाले, "यंदा लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आहे रे. नोव्हेंबरात अकरा लाखांची भांडी कोण नेणार?"

खरी अडचण इथेच होती. ऑक्टोबरचे तिन्ही वर्षांचे निर्देशांक सुटे करून पाहिले तर २.२०, १.३५ आणि २.१०. नोव्हेंबरचे ०.८०, १.७० आणि ०.९०. २०२२ ला लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ ला १२ नोव्हेंबरला, २०२४ ला १ नोव्हेंबरला. पण त्या वर्षी धनत्रयोदशी २९ ऑक्टोबरला होती, आणि भांडी विकली जातात ती धनत्रयोदशीपर्यंत. या तिघांची सरासरी म्हणजे कुठल्याच वर्षी न घडलेला ऑक्टोबर. ओळखायची खूण सोपी आहे: एकाच महिन्याचे निर्देशांक वर्षावर्षात एवढे उड्या मारत असतील तर सरासरीला हात लावायचा नाही, आधी कारण शोधायचं.

आणि हेच दोन महिने मिळून पाहा: ३.००, ३.०५, ३.००. जोडी जवळजवळ हलत नाही, हलते ती फक्त आतली वाटणी. म्हणून मी जोडीचा निर्देशांक ३.०२ धरला, ९.८ ने गुणला आणि २९.६ लाख काढले. मग वाटणीसाठी जुनी बिलं काढून तारखेऐवजी 'धनत्रयोदशीच्या किती दिवस आधी' असा रकाना केला. तिन्ही वर्षी धनत्रयोदशी धरून मागच्या पंधरा दिवसांतच दोन महिन्यांची जवळपास ४५ टक्के विक्री झालेली दिसली. २०२५ ची धनत्रयोदशी १८ ऑक्टोबरला, म्हणजे रचना २०२२ च्या जवळची. तेव्हा ऑक्टोबरचा वाटा ७३ टक्के होता. त्यावरून ऑक्टोबर २१.६ आणि नोव्हेंबर ८ लाख आले. पहिल्या अंदाजापेक्षा तीन लाखांचा माल ऑक्टोबरकडे सरकला. डिसेंबरला असा काही त्रास नाही, तिथे ८.९ आले.

दुसरी चूक महिनाभराने लक्षात आली, आणि ती जास्त लपलेली आहे. कलाची रेषा २०२४ च्या उन्हाळ्यात फुगलेली दिसत होती. नोव्हेंबर २०२२ ते ऑक्टोबर २०२३ ची सरासरी ७.७ लाख, आणि त्यापुढच्या बारा महिन्यांची ९.५. मला वाटलं धंद्याने उडी घेतली. प्रत्यक्षात पहिल्या बारा महिन्यांत दिवाळीची मुख्य खरेदी एकदाही आलेली नाही, आणि दुसऱ्यात ती दोनदा आलीय. एप्रिल-मेचे निर्देशांक त्यामुळे बिघडतात, आणि कलाचा उतार तिथून मोजला तर तोही. उपाय असा: सरासरी काढण्यापुरता वेगळा रकाना करून ऑक्टोबर-नोव्हेंबरची बेरीज दोन्ही महिन्यांत निम्मी-निम्मी लिहायची. कुठूनही बारा महिने उचला, साधारण एकच दिवाळी सापडते.

आता निकाल. ऑक्टोबर २४.१ लाख, नोव्हेंबर ७.९, डिसेंबर ९.१. तिमाही ३८.५ म्हटली होती, ४१.१ झाली. वाटणी चांगली जमली, चूक जवळजवळ सगळी ऑक्टोबरात. त्याचं कारण हिशेबाबाहेरचं होतं. १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार असं जाहीर झालं, ३ सप्टेंबरला दर ठरले, आणि २२ सप्टेंबरपासून भांड्यांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. मधल्या काळात गिऱ्हाईक दुकानात येऊन भाव विचारायचं आणि "बावीस तारखेनंतर बघू" म्हणून परत जायचं. सप्टेंबरला ७.९ धरले होते, ६.४ झाले. ते दीड लाख ऑक्टोबरात आले असं धरलं तरी लाखभर वर उरतात, ते कमी झालेल्या करामुळे असावेत. पण हे सिद्ध करता येत नाही, कारण पितृपक्षही नेमका २१ सप्टेंबरला संपला आणि २२ ला घटस्थापना होती. एका तारखेवर दोन कारणं बसली की आकड्यांतून ती सुटी होत नाहीत. ज्यांची विक्री करासकट लिहिलेली आहे त्यांनी करपूर्व रकमेवर यावं, नाहीतर तेवढीच भांडी विकूनही सप्टेंबर २०२५ नंतरचा आकडा सव्वासहा टक्के कमी दिसेल आणि कल खोटा पडेल.

सध्या मी अधिक महिन्याशी झगडतोय. २०२३ ला अधिक श्रावण १८ जुलै ते १६ ऑगस्ट होता, जावयाच्या वाणासाठी तांब्याची तबकं आणि पितळी निरांजनं भरपूर गेली, आणि जुलै-ऑगस्टचे निर्देशांक चढले. यंदा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून आहे, आणि अधिकात लग्नं नसल्याने रुखवताची भांडी तेव्हा थांबणार. तीन वर्षांतून एकदा येणाऱ्या महिन्यासाठी माझ्याकडे एकच नमुना आहे, त्यावर निर्देशांक काढणार नाही. २०२३ चे जुलै-ऑगस्ट सरासरीतून वगळलेत, आणि वाणाच्या मालाची यादी त्या वर्षीच्या बिलांवरून नगांत केलीय. दिवाळी यंदा ८ नोव्हेंबरला आहे, म्हणून ऑक्टोबरची वाटणी २०२३ च्या ४४ टक्क्यांवरून धरतोय. अप्पांनी कागद पाहून मान डोलावली आणि समया चार डझन जास्त सांगायला लावल्या.