शेअर न विकता पीएमएस बदलली : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

लातूरच्या मोंढ्यात आमचं आडतीचं दुकान आहे. जून 2021 मध्ये मुंबईच्या एका फर्मकडे पीएमएसमध्ये, म्हणजे फर्म आपल्यासाठी शेअर निवडून घेते-विकते त्या सेवेत, 50 लाख टाकले होते, कारण त्याहून कमी रकमेला पीएमएस घेताच येत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये ते खातं बंद करून सगळं दुसऱ्या फर्मकडे नेलं. दोन्ही फर्मची नावं लिहीत नाही, विचारू नका.

सोडायचं कारण साधं होतं. फी वर्षाला अडीच टक्के, वर 18 टक्के जीएसटी. ऑगस्टमध्ये खात्याची किंमत 82 लाख होती, म्हणजे वर्षाकाठी 2,41,900 रुपये नुसत्या फीचे. एवढी फी द्यायची तर फी कापल्यावरचा परतावा बीएसई 500 टीआरआयच्या पुढं राहायला पाहिजे. दोन वर्षं तो मागं होता. टीआरआय म्हणजे लाभांश धरून काढलेला निर्देशांक. आमच्या रिलेशनशिप मॅनेजरच्या सादरीकरणात तुलना कायम लाभांश सोडून केलेली असायची.

फोनवर 'खातं बंद करायचंय' म्हणलं की समोरून लगेच एक फॉर्म येतो. त्यात दोन पर्याय असतात, शेअर विकून पैसे किंवा शेअर जसेच्या तसे. माझ्या फॉर्मवर पहिल्या पर्यायावर आधीच खूण करून पाठवली होती. वर फोनवर ऐकवलं, "काका, पैसे घ्या, सुटसुटीत पडतं." पडतं, पण त्यांना.

हिशेब असा. पोर्टफोलिओत 24 कंपन्या होत्या आणि न विकलेला नफा 26 लाख. त्यातला 20 लाख वर्षापेक्षा जुन्या शेअरवरचा, 6 लाख वर्षाच्या आतल्या. सगळं त्या दिवशी विकलं असतं तर दीर्घ मुदतीच्या नफ्यातून 1.25 लाख वगळून उरलेल्या 18.75 लाखांवर साडेबारा टक्के, म्हणजे 2,34,375. अल्प मुदतीच्या 6 लाखांवर 20 टक्के, म्हणजे 1,20,000. वर 4 टक्के सेस धरून 3,68,550 रुपये कर. तीन वर्षं होऊन गेल्यामुळे एक्झिट लोड, म्हणजे बाहेर पडताना फर्म कापते ती रक्कम, शून्य. पहिल्या वर्षी तो जास्तीत जास्त 3 टक्के, दुसऱ्या वर्षी 2, तिसऱ्या वर्षी 1 लावता येतो. मध्ये टॉपअप केला असेल तर त्याची तीन वर्षं करारात कुठून मोजलीत ते बघून घ्या.

आता मुद्दा. पीएमएसमधले शेअर फर्मच्या नावावर नसतात. ते तुमच्याच नावाच्या डिमॅटमध्ये असतात, फर्मकडे फक्त मुखत्यारपत्र असतं. त्यामुळं ते तुमच्याच दुसऱ्या डिमॅटमध्ये हलवले तर मालक बदलत नाही, विक्री होत नाही आणि कर लागत नाही. खरेदीची तारीख आणि किंमतही जुनीच कायम राहते.

म्हणून आधी नवीन फर्मकडे खातं उघडलं. तिथं 50 लाखांची अट शेअर आणूनही पूर्ण होते. त्यांच्या कस्टोडियनकडून, म्हणजे शेअर सांभाळणाऱ्या संस्थेकडून, नवीन डिमॅटची क्लायंट मास्टर लिस्ट, म्हणजे खात्याच्या तपशिलाचा कागद, घेतली आणि मगच जुन्यांना पत्र दिलं. पत्रात तीन गोष्टी होत्या : या तारखेपासून खरेदी-विक्री बंद, सगळे शेअर सोबतच्या डिमॅटमध्ये हलवा, आणि शेवटची फी मी बँकेतून भरतो, त्यासाठी शेअर विकू नका. शेवटचं वाक्य आमच्या सीएनं घालायला लावलं. ते नसेल तर फीपुरते शेअर विकले जातात, आणि कोणते विकायचे ते तेच ठरवतात.

नंतर काम अडकलं ते सहीवर. मी सही मराठीत करतो आणि ती दर खेपेला थोडी वेगळी येते. ट्रान्सफरची डीआयएस स्लिप मुंबईहून परत आली, कस्टोडियनकडच्या नमुन्याशी जुळत नाही म्हणून. बँकेतून सही पडताळून नवीन स्लिप पाठवली तेव्हा शेअर हलले. या काळात पोर्टफोलिओला कुणीच वाली नसतो. जुन्यांना विकायचा अधिकार नाही, नव्यांच्या हातात शेअर नाहीत. बाजार पडला असता तर बघत बसण्यापलीकडं काही करता आलं नसतं.

आणखी एक. एका कंपनीच्या बोनसची रेकॉर्ड डेट ट्रान्सफरच्या आधी पडली, पण बोनसचे शेअर नंतर जमा झाले, ते जुन्या डिमॅटमध्ये. दोन कंपन्यांचे लाभांशही जुन्या खात्याला जोडलेल्या बँकेत आले. जुनं खातं लगेच बंद करा म्हणून फर्म मागं लागली होती. मी ते येणं पूर्ण होईपर्यंत थांबवलं. बोनसचे शेअर दुसरी स्लिप भरून आणले, मुखत्यारपत्र त्यानंतर रद्द केलं.

आता नवीन फर्मबद्दल. फी दीड टक्का. माझ्या 24 कंपन्यांपैकी 11 त्यांना चालत होत्या, 13 विकायच्या होत्या. हलवताना कर लागत नाही हे खरं, पण नवीन मॅनेजरनं पहिल्याच आठवड्यात सगळं विकलं तर वाचवलेलं काहीच उरत नाही. खातं उघडण्याआधीच मी ईमेलवर लिहून घेतलं की ज्यांना वर्ष पूर्ण व्हायचंय ते शेअर तोवर विकायचे नाहीत. त्यांनी ते पाळलं. फेब्रुवारीपर्यंत सगळ्यांना वर्ष झालं. विकलेल्या 13 कंपन्यांवरचा 11 लाखांचा नफा पूर्ण दीर्घ मुदतीत बसला, आणि भाव जागच्या जागी धरले तर कर 1,26,750 रुपये होतो. उरलेल्या 11 कंपन्यांवरचा 15 लाखांचा नफा अजून कागदावर आहे. त्यावरचा कर माफ झालेला नाही, पुढं गेलाय.

पण भाव जागच्या जागी राहिले नाहीत. वाट बघत ठेवलेल्यातली एक केमिकल कंपनी जानेवारीत चांगलीच घसरली आणि करात वाचलेल्यातलं बरंचसं तिथं गेलं. कर वाचवायला नको असलेला शेअर धरून ठेवण्याची ही किंमत आहे. 20 आणि साडेबारा टक्क्यांतल्या फरकासाठी मी दोन-चार महिने थांबेन, दहा महिने थांबणार नाही.

नवीन फर्मच्या अ‍ॅपवर माझा सगळाच वैताग आहे. आलेले शेअर त्यांनी ट्रान्सफरच्या दिवशीच्या बाजारभावानं मांडले. त्यांची कामगिरी मोजायला ते ठीक, पण कॅपिटल गेन स्टेटमेंटही त्याच भावावर निघालं. म्हणजे चार वर्षं जुना शेअर ऑगस्टमध्ये घेतल्यासारखा, 'अल्प मुदत' म्हणून. नफा कमी दिसतो, कराचा दर मात्र जास्त, आणि दोन्ही चुकीचं. जुन्या फर्मकडून सुरुवातीपासूनचं व्यवहारांचं पत्रक आणि खरेदीच्या तारखांसह होल्डिंग मी बाहेर पडतानाच एक्सेलमध्ये घेतलं होतं. ते दिल्यावर एप्रिलमध्ये दुरुस्त स्टेटमेंट आलं. बाहेर पडल्यावर जुन्या फर्मचं लॉगिन बंद होतं, तेव्हा हे कागद आधीच मागा. आयकर खात्याकडं आपल्या व्यवहारांची नोंद असते त्या एआयएसमध्येही हे ट्रान्सफर ऑफ-मार्केट व्यवहार म्हणून दिसतं. सीएंना दोन्ही डिमॅटच्या क्लायंट मास्टर लिस्ट देऊन ठेवल्यात, पॅन एकच आहे हे दाखवायला.

परताव्याबद्दल लोक विचारतात. आठ महिन्यांवर, त्यातही निम्मे शेअर जुन्यांनी निवडलेले, काही बोलण्यात अर्थ नाही. अहवाल दर तिमाहीला वेळेवर येतो, तुलना टीआरआयशी असते, फोन उचलतात. स्टेटमेंटच्या भानगडीला मात्र दोन महिने लागले, आणि सेबीच्या स्कोअर्सवर तक्रार टाकतो म्हणल्यावरच काम हललं, हेही लिहून ठेवतो. पाचपैकी साडेतीन.